विषय: हरवलेल्या बॅगेची भरपाई

महोदय,

३ मार्च २०२५ रोजी सिंगापूर–फ्रँकफर्ट फ्लाइट ४१७ ने मी आले. निळी बॅग, टॅग ४४८२१९, आलीच नाही. पट्टा रिकामा होऊन थांबेपर्यंत मी तिथेच उभी होते. लेखी तक्रार काउंटरवर लगेच दिली. आज २७ मार्च. २१ दिवस उलटल्याने माँट्रियल करारानुसार बॅग हरवलीच.

कपडे-बूट ४२० डॉलर, लोकरी कोट ३१०, चष्मा १६०, बॅग ९०, शिवाय तातडीची खरेदी १४०: एकूण १,१२० डॉलर. पावत्या जोडल्या आहेत. रक्कम कराराच्या १,५१९ एसडीआर मर्यादेत आहे. १५ दिवसांत खात्यात जमा करावी.

आतल्या कप्प्यात वडिलांच्या हस्ताक्षरातली वही होती. तिची किंमत लावलेली नाही. कृपया शोध थांबवू नका.

आपली,
प्रवासी, सीट २७ सी