कोथरूडच्या फ्लॅटच्या नोटिशीला दिलेलं उत्तर : साध्या मुद्द्यांत

मावशी,

आपल्या वकीलबाईंनी १२ जून २०२५ ला पाठवलेलं उत्तर साडेचार पानांचं आहे. त्यात १८ परिच्छेद आहेत आणि काही वाक्यं अर्ध्या पानाची आहेत. तू फोनवर म्हणालीस, "मी सही केली, पण मी कशाला बांधले गेले ते मला कळलं नाही." म्हणून हे लिहिलं आहे. प्रत्येक मुद्द्यापुढे मूळ उत्तरातला परिच्छेद दिला आहे, म्हणजे शंका आली की शेजारी ठेवून वाचता येईल. हे सगळं वकीलबाईंनी वाचून दोन ठिकाणी दुरुस्त केलं आहे. तरीही फरक दिसला तर मूळ उत्तरच खरं धर. हा कागद आपल्यापुरता आहे, समोरच्यांना पाठवू नकोस.

एक शब्द आधी सांगते. आपण घरात "भाडेकरू" म्हणतो, पण इथे मी तो शब्द टाळला आहे. आपला करार लिव्ह अँड लायसेन्सचा आहे आणि नोंदवलेला आहे. भाडेकरूचे हक्क वेगळे आणि लायसेन्सीचे वेगळे, आणि अख्खं उत्तर त्या फरकावर उभं आहे. म्हणून यापुढे तूही मेसेजमध्ये, ईमेलमध्ये "भाडेकरू" किंवा "भाडं" लिहू नकोस. खाली मी त्यांना "राहणारे" म्हटलं आहे आणि महिन्याच्या रकमेला "लायसेन्स फी".

काय घडलं, दोन ओळींत (परिच्छेद १, २)

करार ११ महिन्यांचा होता : १ जुलै २०२४ ते ३१ मे २०२५. फी महिना २४,००० रुपये, डिपॉझिट १,००,००० रुपये. मुदत संपली, राहणारे गेले नाहीत, मे महिन्याची फी दिली नाही. उलट ४ जूनच्या नोटिशीत त्यांनी जाण्याआधी पूर्ण डिपॉझिट परत मागितलं.

आपण काय नाकारलं (परिच्छेद ३ ते ६)

१. तोंडी मुदत वाढवून दिली होती, हे नाकारलं. कोणीही दिलेली नाही, लेखी तर नाहीच.

२. घर सोडण्याआधी डिपॉझिट द्यायला आपण बांधील आहोत, हे नाकारलं.

३. डिपॉझिटवर व्याज ठरलं होतं, हे नाकारलं. करारात "बिनव्याजी" असं लिहिलेलं आहे.

४. ज्या गोष्टीचा उत्तरात उल्लेख नाही ती आपल्याला मान्य आहे असा अर्थ निघत नाही. हे वाक्य लांबलचक आहे, पण त्याचा मतलब एवढाच.

३० जून : सवलत आणि तिची अट (परिच्छेद ७, ८)

हा भाग सावकाश वाच. तुझा सगळ्यात मोठा गैरसमज इथे होता.

५. राहणाऱ्यांनी ३० जून २०२५ पर्यंत घर रिकामं करून सगळ्या चाव्या दिल्या, तर जून महिन्याचे तू फक्त २४,००० रुपये घेशील. त्या महिन्याची दुप्पट रक्कम मागणार नाहीस. हे तू दिलेलं वचन आहे. त्यांनी अट पाळली तर मागे घेता येणार नाही.

६. ३० जूनपर्यंत ते गेले नाहीत, तर ही सवलत आपोआप संपते. मग महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम २४ प्रमाणे दुप्पट दर, म्हणजे महिना ४८,००० रुपये, मागता येईल. तोही १ जुलैपासून नाही, १ जूनपासून. मूळ शब्द असे आहेत : "सदर सवलत रद्द होऊन दि. १ जून २०२५ पासून". तू मला म्हणालीस की जून साधा आणि जुलै दुप्पट. तसं नाही.

७. "रिकामं" म्हणजे त्यांचं सामान बाहेर, आणि चाव्या म्हणजे सगळ्या : मुख्य दाराच्या दोन, सेफ्टी डोअरची, गॅलरीची आणि पार्किंगच्या गेटचा रिमोट. चार पेट्या आत ठेवून एक चावी दिली, तर ताबा मिळाला असं उत्तर मानत नाही.

अर्ज करायचा की नाही (परिच्छेद ९)

८. ते गेले नाहीत तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करण्याचा तुला हक्क आहे. उत्तरातले शब्द "अर्ज करण्यास मुखत्यार राहतील" असे आहेत. म्हणजे करू शकतेस, करायलाच हवा असं नाही. १ जुलैला अर्ज गेला नाही म्हणून तू शब्द मोडलास असं कोणी म्हणू शकत नाही. मी पहिल्या खर्ड्यात "अर्ज करू" असं लिहून बसले होते. वकीलबाईंनी तेच खोडलं, कारण त्या एका शब्दाने हक्काचं कर्तव्य झालं असतं.

डिपॉझिट कधी द्यायचं (परिच्छेद १०)

९. रिकामा ताबा आणि सगळ्या चाव्या, दोन्ही मिळाल्या दिवसापासून ७ दिवसांच्या आत उरलेली रक्कम द्यायची. "आणि" आहे, "किंवा" नाही. चाव्या ३० जूनला मिळाल्या तर शेवटचा दिवस ७ जुलै. उत्तराच्या तारखेपासून दिवस मोजायचे नाहीत, आणि त्यांच्या नोटिशीच्या तारखेपासून तर नाहीतच.

१०. पैसे त्याच बँक खात्यात पाठवायचे ज्यातून डिपॉझिट आलं होतं. रोख नाही, दुसऱ्याच्या खात्यात नाही, त्यांनी फोनवर सांगितलं तरी नाही.

११. उशीर झाला तर आठव्या दिवसापासून पैसे पोचेपर्यंत उरलेल्या रकमेवर दरसाल ९ टक्के सरळ व्याज तू द्यायचं (परिच्छेद १४). हे तुझ्यावरचं बंधन आहे, म्हणून इथे पुढे आणून ठेवलं.

काय कापता येईल (परिच्छेद ११, १२)

१२. फक्त या चार गोष्टी : मेची फी २४,०००, जूनची फी २४,००० (३० जूनची अट पाळली असेल तर), चाव्या देण्याच्या दिवसापर्यंतचं विजेचं बिल, आणि तीन दुरुस्त्या.

१३. तीन दुरुस्त्या म्हणजे ओट्याच्या सिंकजवळ तडकलेला दगड, आतल्या खोलीच्या खिडकीची फुटलेली काच आणि बाथरूमच्या दाराचं तुटलेलं बिजागर. तिन्ही मिळून प्रत्यक्ष बिलाइतकी रक्कम, पण ९,५०० रुपयांपेक्षा जास्त नाही. बिल ६,००० चं आलं तर ६,०००. बिल १२,००० चं आलं तरी ९,५००.

१४. या बिलांच्या प्रती त्याच ७ दिवसांत राहणाऱ्यांना द्यायच्या. प्रत दिली नाही तर त्या दुरुस्तीचे पैसे कापता येत नाहीत. म्हणून मिस्त्रीला आत्ताच सांगून ठेव, आणि कच्च्या चिठ्ठीवर काम करून घेऊ नकोस.

१५. रंग उडणं, भिंतीला खिळ्यांची भोकं, नळाचे वॉशर यांचे पैसे कापणार नाही, असं आपण लिहून दिलं आहे. "वाजवी झीज" या शब्दांत ते बसतं. तुला रंगाचं वाईट वाटतंय ते मला ठाऊक आहे, पण तो विषय आता संपला.

१६. परिच्छेद १८ मध्ये उत्तराच्या खर्चाचे ३,००० रुपये त्यांच्याकडे मागितले आहेत. ती मागणी आहे. वरच्या चार गोष्टींत ती नाही, त्यामुळे डिपॉझिटमधून हे पैसे कापू नकोस.

हिशेब उत्तरात मांडलेला नाही, मी मांडते. ते ३० जूनला गेले तर १,००,००० मधून ४८,००० वजा, उरले ५२,०००. दुरुस्तीचे जास्तीत जास्त ९,५०० गेले तरी ४२,५०० उरतात, त्यातून फक्त विजेचं बिल जाईल. तेवढे पैसे ७ जुलैला खात्यात हवेत, मुदत ठेव मोडायची असेल तर आधी मोड. ते ३१ जुलैपर्यंत राहिले तर मेचे २४,००० आणि दोन महिन्यांचे ९६,००० मिळून १,२०,००० होतात. म्हणजे डिपॉझिट पुरत नाही, वर २०,००० त्यांच्याकडून येणं लागतात, वीज आणि दुरुस्ती वेगळी. अशा वेळी डिपॉझिट या येण्यात वळतं करून घेण्याचा हक्क आपण परिच्छेद ८ मध्ये राखला आहे.

घराची पाहणी (परिच्छेद १३)

१७. २८ ते ३० जूनच्या दरम्यान दोन्ही बाजूंनी मिळून घर पाहायचं, यादी करायची, दोघांनी सही करायची.

१८. त्याची वेळ तू किमान ४८ तास आधी लेखी कळवायची. लेखी म्हणजे करारातल्या ईमेलवर किंवा रजिस्टर्ड पोस्टाने. व्हॉट्सॲप या वाक्यात नाही, म्हणून त्यावर भरवसा नको.

१९. कळवूनही ते आले नाहीत, तर दोन साक्षीदारांसमोर फोटो काढून तू एकटी यादी करू शकतेस. पण ४८ तासांची सूचना दिली नसेल तर ही वाट बंद. यादीतली प्रत्येक गोष्ट कापता येते असंही नाही, कापायच्या गोष्टी मुद्दा १२ मधल्याच.

तू काय करणार नाहीस (परिच्छेद १५)

२०. ते राहत असेपर्यंत वीज-पाणी तोडणार नाहीस, कुलूप बदलणार नाहीस, त्यांचं सामान अडवणार नाहीस. घरात जायचं तर २४ तास आधी सांगशील. याला कसलीही अट जोडलेली नाही. ते पैसे देवोत न देवोत, ३० जूनला जावोत न जावोत, हे पाळायचंच. सोसायटीच्या वॉचमनला लिफ्ट बंद करायला सांगू का, असं तू विचारलं होतंस. नको.

मधल्या काळात पैसे आले तर (परिच्छेद १६)

२१. ३१ मेनंतर त्यांच्याकडून काहीही रक्कम घेतली तरी करार वाढला असा अर्थ होणार नाही, हे आपण लिहिलं आहे. घेतलेल्या रकमेची पावती मात्र त्याच दिवशी द्यायची. पावतीवर "मे २०२५ ची थकीत लायसेन्स फी" असं लिही, नुसतं "फी" नको.

परिच्छेद १७

२२. "आमच्या अशिलाच्या कोणत्याही कायदेशीर हक्कास बाध न येता" याचा अर्थ : इथे समजुतीने दिलेली सवलत वगळता बाकी कुठलाही हक्क आपण सोडलेला नाही. याच्या आधारे मुद्दा ५ मधलं वचन मात्र मोडता येणार नाही, ते मी वकीलबाईंना मुद्दाम विचारून घेतलं.

उत्तर रजिस्टर्ड पोस्टाने गेलं आहे. पोच पावती आली की फायलीत पहिल्या पानावर लाव. पाहणीसाठी २८ जून, शनिवार, सकाळी १० ही वेळ धरू. त्याचं ईमेल २५ तारखेला तुझ्या खात्यावरून आपण दोघी बसून पाठवू, मी संध्याकाळी येते.

तुझी भाची