एकमेकांचे तास पाहण्याबाबत सहकाऱ्यांना टिपण

नागपूर, दि. ७ जुलै २०२५

प्रति : कनिष्ठ महाविद्यालय विभागातील सर्व शिक्षक (पूर्णवेळ, अर्धवेळ आणि घड्याळी तासिका तत्त्वावरील)
प्रत माहितीस्तव : मा. उपप्राचार्य
विषय : सहकाऱ्यांनी एकमेकांचे तास पाहण्याची ऐच्छिक योजना

सहकारी मित्रमैत्रिणींनो,

या सत्रात आपण एकमेकांच्या वर्गात जाऊन बसावं, असा माझा प्रस्ताव आहे. ज्यांना यायचं आहे त्यांनी सत्रात एक तास पाहायचा आणि आपला एक तास पाहू द्यायचा. पाहणाऱ्याने जे टिपलं तो कागद तास संपल्यावर तास घेणाऱ्याच्या हाती द्यायचा. त्याची झेरॉक्स नाही, फोटो नाही, रजिस्टर नाही. वर्गात काय दिसलं हे तास घेणाऱ्याच्या परवानगीशिवाय तिसऱ्या माणसाला सांगायचं नाही. ही अट एकदा जरी मोडली तरी योजना त्याच दिवशी गुंडाळावी, इतकी ती मला महत्त्वाची वाटते.

आपल्यापैकी बहुतेकांच्या वर्गात मागच्या बाकावर दुसरा शिक्षक शेवटचा बसला तो बीएडच्या सराव पाठाला. ‘फलकलेखन सुवाच्य, आवाज स्पष्ट, विद्यार्थी सहभाग वाढवावा’ ही वाक्यं आपण पाठ निरीक्षणाच्या वहीत किती वेळा लिहिली असतील त्याला गणती नाही, आणि आपल्याबद्दलही तीच लिहिली गेली. नोकरीत आल्यावर कुणी वर्गात आलं तर ते लॉगबुक घेऊन. म्हणजे वर्गात दुसरा शिक्षक आला की तो गुण द्यायला किंवा शेरा मारायलाच आला, अशी आपली सवय झाली आहे. मला हवं आहे ते यापेक्षा बरंच साधं आहे. फळ्याजवळून जे दिसत नाही, ते बाकावर बसलेल्या एका सहकाऱ्याने आपल्याला सांगावं.

मागच्या सत्रात वाणिज्य शाखेच्या एका सरांनी मला त्यांच्या पुस्तपालनाच्या तासाला बसू दिलं. (त्यांना विचारूनच हे लिहिते आहे.) भागीदारीची अंतिम खाती चालू होती. समायोजनात अदत्त भाडं होतं. सरांनी ते नफा-तोटा खात्यात भाड्यात मिळवलं, मग ताळेबंदात देयतेच्या बाजूला दाखवलं, आणि ‘समजलं?’ असं विचारलं. ‘हो सर!’ असा दणदणीत आवाज आला. सर पुढच्या समायोजनाकडे वळले. माझ्या शेजारच्या मुलाच्या वहीत अदत्त भाडं मालमत्तेच्या बाजूला होतं, आणि ‘हो सर’ म्हणणाऱ्यांत त्याचा आवाज सगळ्यात मोठा होता. पुढच्या बाकावरच्या मुलीने ते नफा-तोटा खात्यात बरोबर घेतलं होतं, पण ताळेबंदात लिहिलंच नव्हतं. फळ्याकडे तोंड असलेल्या माणसाला हे दिसणं शक्य नाही, मग तो कितीही चांगला शिकवत असो. तासानंतर मी या दोन वह्यांविषयी सांगितलं. त्या आठवड्यापासून सर प्रत्येक समायोजनानंतर ‘दुसरी नोंद कुठे?’ असं एका मुलाला नाव घेऊन विचारतात आणि त्याची वही वर धरायला लावतात. मला पुस्तपालनातलं ओ की ठो कळत नाही, आणि त्यामुळेच माझं लक्ष विषयाऐवजी मुलांच्या हातांकडे गेलं.

म्हणून माझी सूचना अशी, की पाहणारा शक्यतो दुसऱ्या विषयाचा असावा. रसायनशास्त्राचा माणूस रसायनशास्त्राच्या तासाला बसला की ‘मी हे समीकरण असं संतुलित केलं नसतं’ यातच त्याचा तास जातो. जोड्याही नकोत. तिघांचा गट करू : पहिला दुसऱ्याचा तास पाहील, दुसरा तिसऱ्याचा आणि तिसरा पहिल्याचा. जोडी असली की ‘तुम्ही माझं चांगलं सांगा, मी तुमचं चांगलं सांगतो’ असा व्यवहार न बोलता ठरतो.

आता नेमकं काय पाहायचं. ते तास घेणाराच ठरवेल. आदल्या दिवशी दहा मिनिटं भेटून त्याने पाहणाऱ्याला एक प्रश्न द्यायचा, एकच. उदाहरणार्थ : ‘मागच्या तीन बाकांवरची मुलं किती वेळा लिहितात, किती वेळा नुसती बघत बसतात?’, ‘मी मुलींना किती प्रश्न विचारतो आणि मुलांना किती?’, ‘इंग्रजी संज्ञा आली की मराठी माध्यमातून आलेली मुलं कुठे अडकतात?’ हा शेवटचा प्रश्न विज्ञान शाखेत विशेष उपयोगी ठरेल. काटोल-उमरेडकडून दहावीपर्यंत मराठीतून शिकून आलेली मुलं आपल्याकडे पहिल्या सहा महिन्यांत गप्प का असतात, याचं उत्तर आपण अजून अंदाजानेच देतो. ‘माझं शिकवणं कसं वाटलं?’ हा प्रश्न मात्र देऊ नये. त्याला ‘छान वाटलं’ याखेरीज उत्तर नाही.

कागदावर दोनच रकाने आखायचे, वेळ आणि काय घडलं. विशेषणं लिहायची नाहीत. नमुन्यादाखल :

११.४२ – ‘विभव म्हणजे काय?’ असा प्रश्न. दोन सेकंदांनी सरांनी स्वतःच उत्तर दिलं.
११.४७ – आकृती काढायला सांगितली. उजव्या रांगेत चौघांनी काढली, दोघं शेजाऱ्याची बघतात.
११.५३ – खिडकीजवळच्या मुलीने हात वर केला, सर फळ्याकडे वळलेले. हात खाली.

‘उत्साही’, ‘कंटाळवाणं’, ‘प्रभावी’ असा एकही शब्द वर नाही, आणि तरीही तास घेणाऱ्याला विचार करायला पुरेसं आहे.

पहिली नोंद मुद्दाम तशी लिहिली. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांचा अभ्यास केला. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादाच सेकंद थांबतात असं तिला आढळलं. तेच थांबणं तीन सेकंदांच्या आसपास नेलं तर मुलांची उत्तरं लांबतात, ‘माहीत नाही’ म्हणणं आणि गप्प बसणं कमी होतं, एरवी न बोलणारी मुलंही बोलतात. तीन सेकंद म्हणजे काहीच नाही, असं इथे स्टाफरूममध्ये बसून वाटतं. वर्गात साठ डोकी आपल्याकडे बघत असताना ते फार लांब वाटतात, आणि आपण किती थांबतो हे आपलं आपल्याला मोजताच येत नाही. घड्याळ घेऊन मागे बसलेला माणूसच ते मोजू शकतो. कुणाला पहिला प्रश्न सुचत नसेल तर हाच घ्यावा.

तासानंतरचं बोलणं त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी, पंधरा-वीस मिनिटं. आधी तास घेणारा बोलेल. पाहणारा कागद वाचून दाखवेल आणि विचारल्याशिवाय सल्ला देणार नाही. हे सगळ्यात अवघड जाईल, कारण आपण सगळे मास्तर आहोत. हे बोलणं स्टाफरूममध्ये करू नये. प्रयोगशाळा रिकामी असते, ग्रंथालयाची मागची खोली असते, नाहीतर गेटबाहेर तर्री-पोहे आहेतच.

आता स्टाफरूममध्ये कानावर आलेल्या शंकांकडे वळते. ‘वर्गात मुलंच नसतात, पाहणार काय?’ ही अर्धी खरी आहे. नीट, जेईई आणि एमएचटी-सीईटीच्या क्लासमुळे विज्ञानाच्या काही तुकड्यांत हजेरी रोडावते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण जी वीस-पंचवीस मुलं रोज येतात त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना आपल्याशिवाय दुसरा शिकवणारा नाही. त्यांच्यासाठी तास आधी पाहायला हवा. ‘वेळ कुठे आहे?’ याला उत्तर : एका सत्रात सगळं धरून दीड तासाच्या आसपास. ‘मुलं वेगळी वागतील’ हे पहिली दहा मिनिटं होईल, पुढे ती विसरतात. मुलांना तास घेणाऱ्यानेच सांगावं, की आज मॅडम आपल्याबरोबर शिकायला बसल्या आहेत. मोबाइलवर चित्रीकरण किंवा ध्वनिमुद्रण अजिबात नको. आपली बहुतेक मुलं अठराच्या आतली आहेत.

घड्याळी तासिकेवरच्या सहकाऱ्यांची शंका मात्र वेगळी आहे आणि ती हलक्यात घेण्यासारखी नाही. त्यांच्यापैकी एकीने मला सरळ विचारलं, ‘मॅडम, पुढच्या वर्षी नियुक्ती नाही मिळाली तर मी काय समजायचं?’ वर्षावर्षाने नियुक्ती मिळणाऱ्या माणसाला ‘कुणाला सांगणार नाही’ हे तोंडी आश्वासन पुरत नाही. म्हणून उपप्राचार्यांशी बोलून तीन गोष्टी लेखी मागितल्या आहेत : या योजनेतला कोणताही कागद कार्यालय मागणार नाही, गोपनीय अहवालात किंवा नियुक्तीच्या वेळी योजनेचा उल्लेख होणार नाही, आणि कोण सहभागी झालं, कोण नाही, याची यादी वर जाणार नाही. त्यांनी तोंडी होकार दिला आहे. सहीचं पत्र सूचनाफलकावर लागेपर्यंत पहिला तास पाहिला जाणार नाही. शिवाय घड्याळी तासिकेवरच्या सहकाऱ्यांनी हवं तर पहिल्या फेरीत फक्त पाहावं, आपला तास पुढच्या फेरीत दाखवावा. त्यांच्यासाठी ही सवलत ठेवलीच पाहिजे. पाहण्यात जाणारा वेळ त्यांच्या मानधनात धरला जात नाही, तेव्हा तो धरावा अशी विनंती मी स्वतंत्रपणे केली आहे. ती मान्य होईपर्यंत त्यांना कुणी आग्रह करू नये.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत अशी अपेक्षा आहे. हे तास त्यात धरून घ्यावेत, असं काहींनी सुचवलं. माझा विरोध आहे. प्रमाणपत्र आलं की नमुना येतो, नमुना आला की सह्या येतात, आणि वर्षभरात आपण न पाहिलेल्या तासांचे कागद भरू लागतो.

वेळापत्रक असं. अकरावीचे प्रवेश अजून चालू असल्याने पहिली फेरी बारावीच्या वर्गांवरच, २१ जुलै ते १४ ऑगस्ट. म्हणजे पोळ्याच्या आधी उरकेल. घटक चाचणीच्या आदल्या दिवशीचा तास आणि प्रात्यक्षिकांच्या बॅचेस वगळायच्या. दुसरी फेरी दिवाळीनंतर, अकरावीसह, डिसेंबरच्या मध्यापर्यंत. त्यानंतर प्रात्यक्षिक परीक्षा आणि बोर्डाची धावपळ, तेव्हा कुणी कुणाच्या वर्गात बसू नये. पाहणाऱ्याने शक्यतो आपला मोकळा तास वापरावा. नसेल तर बदली तास मी आणि मराठीच्या मॅडम मिळून घेऊ, त्यासाठी वेळापत्रक समितीला त्रास देणार नाही.

सुरुवातीला तीन गट झाले तरी पुरे, म्हणजे नऊ जण. पहिला तास माझा पाहावा. बारावी विज्ञान ‘ब’, मंगळवार २२ जुलै, तिसरा तास, स्थिरविद्युतशास्त्र. माझा प्रश्न : मी सूत्र फळ्यावर मांडते तेव्हा किती मुलं समजून लिहितात आणि किती नुसती उतरवतात?

ज्यांना यायचं आहे त्यांनी शुक्रवार ११ जुलैपर्यंत मला तोंडी सांगावं. व्हॉट्सॲप ग्रुपवर नावं टाकू नयेत. गट पाडण्यासाठी बुधवार १६ जुलैला शेवटच्या तासानंतर भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत अर्धा तास बसू. नुसतं ऐकायला किंवा विरोध करायला आलात तरी चालेल, चहा सगळ्यांना आहे.

आपली,
भौतिकशास्त्र शिक्षिका
कनिष्ठ महाविद्यालय विभाग