ठाणे पुरवणीत मसाला कांडपाची जाहिरात द्यायचीय, रेट आणि साइझ हवेत

नमस्कार,

सकाळी तुमच्या ऑफिसला फोन केला होता, ज्या मॅडम बोलल्या त्या म्हणाल्या सगळं मेलवर टाका म्हणजे रेटकार्ड पाठवता येईल, म्हणून लिहितेय. आमची वर्तकनगरला मसाला कांडपाची गिरणी आहे, सासऱ्यांपासूनची, दोन डंख आणि एक पिठाची चक्की. वर्षभर दळण चालूच असतं पण खरा धंदा होळी ते मे अखेर, एकदा पाऊस आला की मिरची वाळत नाही आणि गिऱ्हाईकही येत नाही. तर ह्या सीझनला पेपरात चार जाहिराती द्यायच्यात, पहिली होळीनंतरच्या रविवारी, दुसरी पाडव्याच्या आधी आणि बाकी दोन एप्रिलमध्ये.

आम्हाला फक्त ठाण्यापुरतीच हवीय. वर्तकनगर, पाचपाखाडी, नौपाडा, कळवा आणि घोडबंदर रोडला मानपाड्यापर्यंत, एवढीच आमची गिऱ्हाइकं. बोरिवलीचं माणूस काही पाच किलो मिरची घेऊन ट्रेन बदलत येणार नाही, त्यामुळे अख्ख्या मुंबई आवृत्तीचा रेट सांगू नका प्लीज, नुसत्या ठाणे पुरवणीचा सांगा. आणि ती पुरवणी नवी मुंबई, कल्याण-डोंबिवलीलाही तीच जाते की वेगळी निघते तेही कळवा, तिकडचे पैसे उगाच कशाला भरायचे.

रेट चौरस सेंटीमीटरवर आहे ना? रंगीत आणि ब्लॅक अँड व्हाइट दोन्हीचा द्या. आतलं पान, शेवटचं पान आणि पहिल्या पानावर खालची पट्टी, ह्या तिघांचा वेगवेगळा. रविवारचा रेट जास्त असतो का? चार एकदम बुक केल्या तर काही स्कीम, एखादी फ्री वगैरे? आम्ही एजन्सीकडून येत नाहीये, डायरेक्ट देतोय, तर एजन्सीला जे पंधरा टक्के कमिशन सुटतं त्यातलं थोडं आमच्याकडे सरकतं का हेही विचारून ठेवते, नाही म्हणालात तरी राग नाही. 5 टक्के जीएसटी वर धरायचा की रेटमध्येच आहे ते स्पष्ट लिहा, बिल गिरणीच्या जीएसटी नंबरवर लागेल. चारही जाहिरातींचं मिळून बजेट 40 हजार आहे, टॅक्स धरून.

आता साइझचं जरा नीट सांगा कारण मागच्या वर्षी ह्यातच हात पोळलेत. एका लोकल साप्ताहिकात दिली होती, त्यांनी फोनवर नुसतं "दोन कॉलम बाय दहा" सांगितलं. आमच्या डिझायनर मुलाने दोन कॉलम म्हणजे आठ सेंटीमीटर धरून बनवली, त्यांचा कॉलम निघाला बारीक, मग त्यांनी फाइल दाबून बसवली. मोबाइल नंबरातला 3 दिसायला लागला 8 सारखा आणि मुंब्र्याच्या एका भल्या गृहस्थाला आठवडाभर "लवंगी मिरची कुटून मिळेल का" असे फोन. शिवाय श्रीलिपीतली जोडाक्षरं तुटली, "ब्याडगी"चं झालं "ब याडगी", आणि मिरचीचा लालभडक फोटो आला विटेसारखा. सासूबाई अजून ते कात्रण दाखवतात.

म्हणून पान किती कॉलमचं, एका कॉलमची रुंदी मिलिमीटरमध्ये किती, दोन कॉलम घेतले तर मधली गॅप धरून एकूण रुंदी किती आणि कमीत कमी उंची किती लागते ते लिहून द्या. माझ्या डोक्यात दोन कॉलम बाय दहा सेंटीमीटर आहे, म्हणजे साधारण 80 चौरस सेंटीमीटर, पण तुमचा कॉलम बघूनच फायनल करू. फाइल पीडीएफच ना, 300 डीपीआय, सीएमवायकेमध्ये, फॉन्ट कर्व्ह करून? चौकटीची रेघ आम्ही टाकायची की तुम्ही टाकता? आणि छापायच्या आधी प्रूफ दाखवाल का, निदान व्हॉट्सॲपवर फोटो तरी, नंबर मी स्वतः वाचून बघेन.

रविवारच्या अंकासाठी फाइल आणि पैसे कधीपर्यंत लागतात तेही सांगा, आम्ही बुधवारपर्यंत देऊ शकतो. मृत्यूच्या बातम्या आणि निधन वार्ता असतात त्या पानावर मात्र टाकू नका, सणाच्या तोंडावर बरं दिसत नाही.

रेटकार्ड ह्याच मेलवर पाठवा. फोन करायचा असेल तर दुपारी दोन ते चारच्या मध्ये करा, बाकी वेळ डंख चालू असतो, काही ऐकू येत नाही.

वैशाली
मसाला गिरणी, वर्तकनगर, ठाणे पश्चिम