दूध बंद ठेवण्याबद्दल (सी-७, कर्वेनगर)

संतोषदादा, नमस्कार.

मी सी-७ मधली वैशाली. गणपतीला आम्ही सगळे गावी, गुहागरला चाललोय. त्यामुळे शनिवार १२ सप्टेंबरपासून रविवार २० सप्टेंबरपर्यंत आमचा रतीब बंद ठेवा. शुक्रवारी ११ ला नेहमीप्रमाणे दूध हवंय, आणि सोमवारी २१ ला सकाळी पुन्हा चालू करा.

१२ आणि २० हे दोन्ही दिवस खाड्यातच धरा. १२ ला आमची स्वारगेटहून पहाटे साडेपाचची एसटी आहे, तुमचा मुलगा सहाला येईल तेव्हा दाराला कुलूप असेल. २० ला घरी पोचायला रात्र होणार.

एक काम मात्र लक्षात ठेवून करा. समोरच्या सी-८ मधल्या काकूंकडे दीड दिवसाचा गणपती असतो. पंचामृत, खीर, आल्यागेल्याचा चहा, त्यांना त्यांचं दूध पुरत नाही. म्हणून सोमवारी १४ आणि मंगळवारी १५ ला आमचं दूध (गाईचं १ लिटर, म्हशीचं अर्धा) त्यांना द्या. माझं त्यांच्याशी बोलणं झालंय, पैसे त्यांच्याच हिशेबात लिहा. त्यांचा स्वतःचा रतीब रोजच्यासारखा चालू आहे, आमच्याबरोबर तो बंद व्हायला नको.

मुलाला तारखा नीट सांगा. मागच्या महिन्यात तो नवीन लागलाय, चार मजले चढून येतो बिचारा, उगाच हेलपाटा नको. आणि चुकून पिशवी कडीला अडकवली तर दूध नासेल, मुंग्या लागतील. शिवाय पिशवी दिवसभर तशीच लटकलेली दिसली की घरात कोणी नाही हे येणाऱ्या-जाणाऱ्याला कळतं, त्याचीच मला जास्त काळजी वाटते. आमची कापडी पिशवी मी ११ ला सकाळी दूध घेतलं की आत घेऊन ठेवीन. कडीला पिशवी नसेल तर दूध ठेवायचंच नाही, असं त्याला सांगून ठेवा.

२१ ला म्हशीचं दूध अर्ध्याऐवजी १ लिटर द्या, विरजण लावायचंय. कुंभार्ली घाटात पावसाने रस्ता अडला आणि मुक्काम वाढला, तर २० ला संध्याकाळी सातपर्यंत कळवते. माझा निरोप नाही आला तर दूध टाका.

हिशेब असा होतो: सप्टेंबरचे ३० दिवस, खाडे ९, राहिले २१. रोजचे १०० रुपये (गाईचं ६०, म्हशीचं अर्धा लिटर ४०) म्हणजे २१००, आणि २१ तारखेचं जादा अर्धा लिटर ४०. एकूण २१४०. तुमच्या वहीशी जुळतं का बघा. ऑगस्टचे पैसे आज रात्री पाठवते, सणाच्या तोंडावर तुमचे अडकायला नकोत.

वाडीत रेंज धड नसते, फोन लागला नाही तर मेसेज टाकून ठेवा. हा मेसेज वाचलात की तारखा लिहून "हो" एवढं कळवा.

वैशाली, सी-७