उत्तराचा रकाना कोणी भरला? जुन्या नोंदींवर शिकलेली मॉडेल्स आणि न्याय्यतेचा प्रश्न

लंडनच्या सेंट जॉर्जेस हॉस्पिटल मेडिकल स्कूलमध्ये १९७० च्या दशकाच्या अखेरीस प्रवेशअर्जांची पहिली चाळणी करण्यासाठी एक संगणक प्रोग्राम लिहिला गेला. हेतूत खोट काढण्यासारखे काही नव्हते. अर्ज वाचणाऱ्यांचे श्रम वाचावेत आणि माणसागणिक बदलणारे निकष सर्वांना सारखे लागावेत, एवढीच अपेक्षा होती. प्रोग्रामचा कौल आणि निवड समितीचा कौल ९० ते ९५ टक्के वेळा जुळू लागेपर्यंत त्यात दुरुस्त्या होत राहिल्या, आणि १९८२ पासून सगळे अर्ज त्याच्याच हाताखालून जाऊ लागले. १९८६ च्या डिसेंबरात तिथल्याच दोन अध्यापकांनी वांशिक समानता आयोगाकडे तक्रार केली. चौकशीत आढळले की नाव युरोपीय वाटत नसेल तर अर्जदाराचे १५ पर्यंत गुण कापले जात, आणि अर्जदार स्त्री असेल तर सरासरी तीन. दरवर्षी ६० पर्यंत उमेदवार केवळ यामुळे मुलाखतीला मुकले असावेत, असे आयोगाने १९८८ मध्ये नोंदवले.

हा प्रोग्राम आजच्या अर्थाने डेटावरून ‘शिकलेला’ नव्हता, त्यातले भारांक माणसाने बसवले होते. तरीही निबंधाची सुरुवात त्याच्यापासून करावीशी वाटते, कारण त्याची परीक्षा नेमकी आजच्या मॉडेल्ससारखीच घेतली गेली: समितीने पूर्वी जे ठरवले तेच हा ठरवतो का? ठरवत होता. म्हणजे प्रोग्राम बिघडलेला नव्हता. तो इमानाने नक्कल करत होता, आणि ज्याची नक्कल करत होता तेच वाकडे होते.

मॉडेलमधल्या पूर्वग्रहाची चर्चा बहुतेक वेळा इनपुटच्या रकान्यांपाशी सुरू होते: लिंग घ्यावे का, वंश घ्यावा का, पत्ता घ्यावा का. माझ्या मते ती उत्तराच्या रकान्यापासून सुरू व्हायला हवी. मॉडेलला ज्याचा अंदाज करायला शिकवतो, तो रकाना मुळात भरला कोणी? त्यात ‘पात्र’ असे लिहिलेले असते तेव्हा त्याचा खरा अर्थ ‘कोणीतरी पात्र ठरवले’ असा असतो. ‘गुन्हेगार’ म्हणजे ‘पोलिसांनी पकडलेला’ आणि ‘आजारी’ म्हणजे ‘दवाखान्यापर्यंत पोहोचलेला’. भाषेतला हा छोटासा फरक प्रशिक्षणाच्या वेळी पुसला जातो. नंतर अचूकता मोजतानाही तोच रकाना प्रमाण मानतात, त्यामुळे कितीही काटेकोर चाचणी घेतली तरी रकान्यातली चूक तिला दिसत नाही. फूटपट्टीच आखूड असेल तर तिने मोजून तिचा आखूडपणा कसा कळणार?

इनपुटचा रकाना काढून टाकला की काम झाले, हा समज किती टिकतो हे मी अभ्यासक्रमाच्या प्रात्यक्षिकात एका जुन्या डेटासंचावर पाहिले. अमेरिकेच्या १९९४ च्या जनगणना नोंदींतून काढलेला, जगभर सरावासाठी वापरला जाणारा हा `Adult` संच. त्यात ४८,८४२ नोंदी आहेत, आणि माणसाचे वार्षिक उत्पन्न ५०,००० डॉलरांच्या वर आहे की नाही हे ओळखायचे असते. पुरुषांपैकी सुमारे ३० टक्के या रेषेच्या वर, स्त्रियांपैकी सुमारे ११ टक्के. मी लिंगाचा रकाना काढला आणि मग उरलेल्यांपैकी एका रकान्याशी त्याची तुलना केली.

```python
X = df.drop(columns=["sex"])
pd.crosstab(df["relationship"], df["sex"])
```

`relationship` या रकान्यात `Husband` आणि `Wife` अशा नोंदी आहेत. हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढे अपवाद सोडले तर पहिल्यात सगळे पुरुष आणि दुसरीत सगळ्या स्त्रिया. रकान्याचे नाव गेले, माहिती तिथेच राहिली. इथे ती उघड दिसली, कारण शब्दच बोलका आहे. व्यवसाय आणि आठवड्याचे कामाचे तास मिळून तीच माहिती हळू आवाजात सांगतात, आणि मॉडेलला ती ऐकू येते. अॅमेझॉनच्या अर्जछाननीच्या प्रायोगिक साधनाबद्दल २०१८ मध्ये जे बाहेर आले, ते याच जातीचे होते. दहा वर्षांत आलेल्या, बहुतांश पुरुषांच्या अर्जांवर ते शिकले होते आणि ज्या अर्जात ‘महिलांचे’ या अर्थाचा शब्द येई (महिला संघ, महिला मंडळ वगैरे) त्याला खालचा दर्जा देई. शब्द वगळता आले, पण नवी पळवाट सापडणारच नाही याची खात्री कोणालाच देता आली नाही. शेवटी ते साधन गुंडाळले गेले.

आता न्याय्यतेच्या व्याख्येकडे. इथे गोष्ट खरोखर गुंतागुंतीची आहे, आणि ती केवळ कोणाच्या हलगर्जीपणामुळे नव्हे. २०१६ मध्ये प्रोपब्लिका या शोधपत्रकारिता संस्थेने फ्लोरिडातल्या ब्रॉवर्ड काउंटीत अटक झालेल्या सात हजारांहून अधिक लोकांचे COMPAS गुण तपासले. माणूस पुन्हा गुन्हा करील का, याचा हा अंदाज. पुढे दोन वर्षांत पुन्हा गुन्हा नोंदला न गेलेल्या कृष्णवर्णीयांपैकी सुमारे ४५ टक्क्यांना ‘जास्त धोका’ असा शेरा मिळाला होता, गौरवर्णीयांपैकी सुमारे २३ टक्क्यांना. साधन बनवणाऱ्या कंपनीचे उत्तर असे की, एकच गुण मिळालेले कृष्णवर्णीय आणि गौरवर्णीय जवळपास सारख्याच प्रमाणात पुन्हा गुन्हा करतात, मग पक्षपात कुठे आहे? दोघांचे आकडे एकाच डेटातले, आणि दोन्ही बरोबर.

हे कसे शक्य आहे ते छोट्या आकड्यांत बघू. दोन गट, प्रत्येकी १०० माणसे. पहिल्या गटात ५० जण पुढे पुन्हा पकडले जातात, दुसऱ्यात २०. मॉडेल दोन्हीकडे सारखेच ‘चांगले’ आहे असे धरू: पुन्हा पकडल्या जाणाऱ्यांपैकी ८० टक्के ते ओळखते आणि त्याने ‘धोका’ म्हटलेल्यांपैकी ८० टक्के खरोखर पकडले जातात. पहिल्या गटात मग ५० जणांवर शिक्का बसतो, त्यातले ४० बरोबर, १० चूक. दुसऱ्यात २० जणांवर, त्यातले १६ बरोबर, ४ चूक. आता निर्दोषांच्या बाजूने पाहा. पहिल्या गटात निर्दोष ५०, त्यांतल्या १० जणांवर नाहक शिक्का, म्हणजे २० टक्के. दुसऱ्यात निर्दोष ८०, नाहक शिक्का ४ जणांवर, म्हणजे ५ टक्के. कोणी लबाडी केलेली नाही, तरी पहिल्या गटातल्या निर्दोष माणसाला चौपट धोका. मूळ प्रमाण दोन गटांत वेगळे असेल आणि मॉडेल परिपूर्ण नसेल, तर हे सगळे निकष एकाच वेळी पाळता येत नाहीत, हे त्या सुमारास क्लाइनबर्ग आणि सहकाऱ्यांनी, तसेच चुल्डेखोवा यांनी वेगवेगळ्या मांडणीतून सिद्ध केले.

या सिद्धतेवर येऊन बरेच जण थांबतात. गणितच नाही म्हणते, मग आपण काय करणार? मला हे थांबणे घाईचे वाटते. वरच्या उदाहरणात ५० आणि २० हे आकडे मी गृहीत धरले. प्रत्यक्षात ते येतात अटकेच्या नोंदींतून, आणि जिथे गस्त जास्त तिथे अटका जास्त. मूळ प्रमाणातला फरक किती खरा आणि किती पाहणाऱ्याच्या नजरेचा, हे सिद्धता सांगत नाही, ती तो आकडा हातात घेऊन पुढे निघते. लम आणि आयझॅक यांनी २०१६ मध्ये ओकलंडच्या अमली पदार्थांच्या जुन्या पोलिसी नोंदींवर गस्तीचा अंदाज करणारी पद्धत चालवून पाहिली. सर्वेक्षणांवरून काढलेला अमली पदार्थांच्या वापराचा अंदाज शहरभर बराच पसरलेला होता, पण पद्धत गस्त पाठवत राहिली ती आधीच नोंदी जास्त असलेल्या वस्त्यांत. गस्त वाढली की अटका वाढतात, त्या पुढच्या वर्षीच्या डेटात जातात, आणि मॉडेलला आपलेच म्हणणे खरे ठरल्याचे दिसते.

याहून अवघड म्हणजे न भरलेला रकाना. कर्ज नाकारलेल्या माणसाने ते फेडले असते का, याची नोंद जगात कुठेच नसते. मॉडेल शिकते ते मंजूर झालेल्यांवरून आणि निकाल देते सगळ्यांबद्दल. ज्या गटाला वर्षानुवर्षे दारातूनच परत पाठवले, त्याच्याविषयी डेटात वाईट काही लिहिलेले नसते, काहीच लिहिलेले नसते. यावर कुठलीही आकडेमोड पुरत नाही, काही नाकारलेल्यांना मुद्दाम कर्ज देऊन पाहावे लागते आणि त्याचा खर्च कोणीतरी सोसावा लागतो.

‘मॉडेल फक्त आरसा दाखवते, चेहरा वाकडा असेल तर आरशाला दोष का?’ हा आक्षेप नेहमी येतो. पण आरसा कोणाला नोकरी नाकारत नाही. शिवाय उत्तराचा रकाना निवडणे हे माणसाचेच काम, आणि निवड बदलली की निकाल बदलतो. याचा सर्वांत स्वच्छ पुरावा २०१९ मध्ये ओबरमायर आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये मांडला. अमेरिकेतल्या रुग्णालयांत मोठ्या प्रमाणावर वापरले जाणारे एक मॉडेल कोणाला विशेष देखभाल द्यावी ते सुचवत असे. त्यात वंश हा रकाना नव्हताच. पण ‘आजारपण’ मोजायचे म्हणून त्याला ‘उपचारांवर होणारा खर्च’ शिकवला होता. तितक्याच आजारी कृष्णवर्णीय रुग्णावर खर्च कमी होत आलेला, म्हणून मॉडेलच्या लेखी तो कमी आजारी. ही तफावत दूर केली तर जादा मदत मिळणाऱ्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण १७.७ वरून ४६.५ टक्क्यांवर जाईल, असे त्यांनी दाखवले. इनपुट तेच ठेवून, खर्चाऐवजी आजारपणाशी थेट संबंध असलेले उत्तर शिकवले तरी पक्षपात बराच कमी होतो, हेही त्यांनी तपासून पाहिले. खर्चाचा रकाना कोणी दुष्टपणे निवडला असेल असे मला वाटत नाही. तो बिलांच्या नोंदींत आयता, स्वच्छ भरलेला मिळतो, आजारपण तसे मिळत नाही.

सेंट जॉर्जेसच्या प्रकरणातली एक बाजू मात्र सांगायची राहिली. युरोपीयेतर विद्यार्थ्यांचे प्रमाण तिथे लंडनच्या इतर बहुतेक वैद्यकीय शाळांपेक्षा जास्तच होते. म्हणजे इतर ठिकाणच्या समित्या कमी पक्षपाती होत्या असे मुळीच म्हणता येत नाही. फरक एवढाच की त्यांची वजाबाकी कुठे लिहिलेली नव्हती. इथे ती प्रोग्राममध्ये लिहिलेली होती, म्हणून आयोगाला ती वाचता आली: नावासाठी १५, स्त्रीसाठी तीन. आजच्या मॉडेलमध्ये हीच वजाबाकी लाखो भारांकांत विखुरलेली असते आणि भारांक बहुधा कंपनीच्या कुलुपात. तिथे तक्रार घेऊन गेलेल्या दोन अध्यापकांना नेमके कोणते पान उघडून दाखवायचे, याचे उत्तर अजून कुठल्याही व्याख्येत नाही.