मेडिसिन विभागाच्या पहिल्या मीटिंगमध्ये माझी ओळख

नमस्कार. एचओडी सर, सगळे सर, मॅडम, सीनियर रेसिडेंट्स, सिस्टर इन्चार्ज आणि माझ्या बॅचचे सगळे, मी डॉ. प्रणाली भोयर, फर्स्ट इयर, आजपासून मेडिसिनमध्ये. सर आत्ता म्हणाले की फक्त नाव, गाव, कॉलेज सांगून खाली बसू नका, काय येतं आणि काय येत नाही तेही सांगा म्हणजे ड्युटी लावताना सीनियर्सना अंदाज येतो. म्हणून थोडं जास्त बोलते, चालेल न सर?

गाव राळेगाव तालुक्यातलं, जिल्हा यवतमाळ. बाबा शेतकरी, कापूस आणि तूर. आई अंगणवाडी सेविका. एमबीबीएस यवतमाळच्या शासकीय मेडिकल कॉलेजमधून, 2018 ची अॅडमिशन, इंटर्नशिपही तिथेच केली आणि त्यानंतर बॉन्डचं वर्ष गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा तालुक्यातल्या एका पीएचसीवर. फायनल एमबीबीएसला मेडिसिनमध्ये डिस्टिंक्शन होतं. बीएलएस, एसीएलएस दोन्ही झालंय. नीट पीजीच्या रँकवर दुसरं ब्रँचही मिळत होतं, घरच्यांना वाटत होतं रेडिओलॉजी घ्यावं, पण मी चॉइस फिलिंगमध्ये पहिलं नाव नागपूर मेडिकलच्या मेडिसिनचंच टाकलं होतं आणि तेच मिळालं, याचा मला खरंच खूप आनंद आहे.

मेडिसिनच का, तर त्याला कारण माझा जिल्हा आहे. 2017 मध्ये यवतमाळला फवारणी करताना विषबाधा होऊन 20 च्या वर शेतकरी-शेतमजूर गेले ते इथे सगळ्यांना माहीतच आहे. मी तेव्हा बारावी करून एंट्रन्सच्या तयारीत होते, बाबा स्वतः पाठीवर पंप घेऊन फवारत होते. पुढच्या वर्षी त्याच कॉलेजात अॅडमिशन मिळाली, आणि क्लिनिकल पोस्टिंगला लागल्यावर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये फवारणीचे पेशंट वॉर्डात दिसायचेच. इंटर्नशिपमध्ये माझी मेडिसिन पोस्टिंग नेमकी त्याच सीझनला आली, त्यामुळे अॅट्रोपिन चढवणं, दर काही मिनिटांनी छाती ऐकून सिक्रिशन कोरडे झाले का बघणं, पल्स, घाम, बाहुल्या बघून डोस वाढवणं-थांबवणं हे मी सीनियर्सच्या देखरेखीत भरपूर केलंय. नुसत्या बाहुल्या मोठ्या झाल्या म्हणून अॅट्रोपिन पुरेसं झालं असं समजायचं नाही, छाती कोरडी व्हायला पाहिजे, हे तिथल्या सरांनी बेडजवळ उभं करून शिकवलं होतं आणि ते डोक्यात पक्कं बसलंय.

बॉन्डच्या वर्षाबद्दल मात्र नीट सांगते, कारण तिथे मी एकटी एमओ होते आणि ते ऐकायला मोठं वाटतं. पीएचसीवर मलेरिया खूप, त्यातही फॅल्सिपॅरम. आरडी किटवर आला की लगेच ट्रीटमेंट सुरू आणि डेंजर साइन दिसल्या की पहिला आर्टिसुनेटचा डोस देऊन 108 बोलवायची. हे मला स्वतंत्रपणे करता येतं. साप चावल्याचे पेशंट पाहिले, पावसाळ्यात तर आठवडा खाली जायचा नाही. ट्वेंटी मिनिट्स क्लॉटिंग टेस्ट मी स्वतः करायची. आमच्या सिस्टरने त्यासाठी काचेच्या कोरड्या टेस्ट ट्यूब वेगळ्या डब्यात ठेवल्या होत्या, त्या साबणाने धुवायच्या नाहीत आणि बाकी कशाला वापरायच्या नाहीत असं डब्यावर चिकटपट्टी लावून लिहिलेलं. 2 मिली रक्त टाकायचं, ट्यूब हलवायची नाही, 20 मिनिटांनी एकदाच हळू तिरकी करायची. रक्त वाहिलं की व्हायपर धरून एएसव्ही सुरू.

पण मण्यारीमध्ये यातलं काहीच दिसत नाही. खाली झोपलेलं माणूस पहाटे पोट दुखतं म्हणून उठतं, चावल्याची खूण सापडत नाही, सूज नाही, रक्त नीट गोठलेलं, आणि तासाभरात पापण्या उतरायला लागतात. अशा वेळी पेशंटला एका श्वासात आकडे मोजायला लावायचे. 20 पर्यंत जाणारा माणूस अर्ध्या तासाने 12 वर थांबला तर गाडी आत्ताच काढायची, वाट पाहायची नाही. आम्ही एएसव्ही सुरू करून, सोबत अँबू बॅग देऊन, सिस्टरला गाडीत बसवून पेशंट गडचिरोलीला पाठवायचो.

म्हणजे माझं काम तिथपर्यंत, गाडीत बसवेपर्यंत. त्यापुढे त्या पेशंटचं काय होतं, व्हेंटिलेटरवर सेटिंग काय ठेवतात, किती दिवसांनी ट्यूब काढता येते, व्हायपरच्या पेशंटची किडनी गेली तर डायलिसिस कधी सुरू करायचं, हे मी केलेलं नाही. व्हेंटिलेटर मी इंटर्नशिपमध्ये बघितलाय, चालवलेला नाही. इंट्युबेशन मॅनिकिनवर आणि थिएटरमध्ये अॅनेस्थेशियाच्या सरांसोबत केलंय, रात्री कॅज्युअल्टीत धडपडणाऱ्या पेशंटवर नाही. सेंट्रल लाइनला असिस्ट केलंय, स्वतः टाकलेली नाही. लंबर पंक्चर, प्लूरल टॅप, असायटिक टॅप सीनियर्ससोबत केलेत. टूडी इको वाचता येत नाही. ईसीजी बरा वाचते, म्हणजे एमआय, ब्लॉक, हायपरकॅलेमिया सुटणार नाही, पण वाइड कॉम्प्लेक्स टॅकिकार्डिया आला तर मी निर्णय घेणार नाही, मी आधी फोन करेन. आणि फोन करेन तेव्हा नुसतं मॅडम पेशंट सिरियस आहे असं म्हणणार नाही, व्हायटल्स, शुगर, ईसीजी हातात घेऊनच करेन.

उन्हाळा तोंडावर आहे. गडचिरोलीत उष्माघाताचे पेशंट पाहिले, ओल्या चादरी, पंखा, काखेत आणि जांघेत बर्फ एवढं तिथे होतं आणि तेवढ्याने बरेच सुधारायचे. पण नागपूरच्या मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, एका दुपारी एकामागून एक बेशुद्ध पेशंट येतात, कोल्ड वॉर्ड लागतो, तसं काम मी केलेलं नाही. त्या वॉर्डात पहिली ड्युटी लागेल तेव्हा कुणातरी सेकंड इयरसोबत लावावी ही विनंती.

आता सिकल सेल. हा माझा सगळ्यात जवळचा विषय आहे आणि माझ्याकडे या विभागाला द्यायला काही असेल तर ते इथेच आहे असं मला वाटतं. थर्ड इयरला असताना आयसीएमआरचा स्टुडंटशिप प्रोजेक्ट मी यावरच केला होता, पेशंट हायड्रॉक्सियुरियाची गोळी मधेच का सोडतात यावर. छोटं काम होतं, पब्लिश वगैरे नाही झालं. पण घरी बसून बोलल्यावर कळलं की दुखणं थांबलं की गोळी थांबते, आणि दुसरं म्हणजे कॅन्सरची गोळी आहे असं कुणीतरी सांगितलेलं असतं, त्यात लग्न ठरायची मुलगी असेल तर घरचे डबाच लपवून ठेवतात. पीएचसीवर हेच रोज समोर आलं. एक आई पोराला घेऊन आली, म्हणे, "लेकराचे हातपाय दुखून राह्यले जी, गोळी तं पंधरा दिवसापासून बंदच हाय." रागावून उपयोग नव्हता. मी आणि आशाताई तिच्या घरी गेलो, तिची सासूही बसली होती, दोघींना एकत्र समजावलं तेव्हा गोळी परत सुरू झाली.

त्या पोराकडे एका मोठ्या हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड होतं, ते मला अजून पाठ आहे. त्यावर कॅप्सूलचा डोस होता, सीबीसी कधी करायचा ते होतं, न्यूट्रोफिल 2000 च्या खाली किंवा प्लेटलेट 80,000 च्या खाली गेल्या तर गोळी थांबवून कळवा असं स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, ताप किंवा छातीत दुखलं तर वाट न पाहता परत पाठवा असं होतं, आणि खाली वॉर्डचा फोन नंबर. लिहिणारा बहुतेक माझ्यासारखाच कुणीतरी फर्स्ट इयर असणार. त्या एका कागदावर मी तिकडे जंगलात बसून ते पोर सांभाळू शकले. इतर बऱ्याच कार्डांवर फक्त डायग्नोसिस आणि 'फॉलोअप ओपीडी' एवढंच असायचं, आणि फॉलोअप म्हणजे त्या माणसाला दोन दिवसांची मजुरी बुडवून, एसटी बदलत पावणेदोनशे-दोनशे किलोमीटर यायचं.

मेडिकलला गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाचे पेशंट येतात, छिंदवाडा, शिवनी, बालाघाटचे येतात, छत्तीसगडचे येतात. ते परत कुठे जातात ती बाजू मी पाहिलेली आहे. म्हणून माझ्या हातून जी डिस्चार्ज कार्डं लिहिली जातील ती मी गावच्या एमओला वाचता येतील अशी लिहीन, औषधांची वेळ मराठीत किंवा हिंदीत, आणि परत कधी पाठवायचं ते स्पष्ट. सरांना, मॅडमना योग्य वाटलं तर सिकल सेलसाठी आणि साप चावलेल्यांसाठी एक ठरलेला मजकूर तयार करून मी दाखवायला आणते, त्यात काय हवं-नको ते तुम्ही सांगा. इथे आधीपासून असं काही असेल तर तेच वापरेन, माझंच पाहिजे असा आग्रह अजिबात नाही.

गोंडी मला मोडकीतोडकी येते, कुठे दुखतं, कधीपासून, लघवी झाली का, जेवला का, एवढं विचारता येतं. वॉर्डात असा पेशंट आला आणि नातेवाईक सोबत नसेल तर मला कुठल्याही युनिटमधून बोलवा, ड्युटी नसली तरी येईन, हॉस्टेल जवळच आहे.

थीसिससाठी डोक्यात मोठ्या माणसांमधलं सिकल सेल आणि अॅक्यूट चेस्ट सिंड्रोम आहे. पण तीन वर्षांत काय होण्यासारखं आहे, केसेस किती मिळतील, हे मला इथून कळणार नाही, ते गाइड सर सांगतील तसं. विषय बदलावा लागला तरी माझी तयारी आहे.

सिस्टर, तुम्हाला एक खास सांगायचंय. पीएचसीवर मी ज्या सिस्टरसोबत काम केलं त्यांना मण्यारीचा पेशंट दारातून आत येताना ओळखू यायचा, मला बराच काळ यायचा नाही. त्यामुळे वॉर्डात तुम्हाला एखादा पेशंट ठीक वाटत नसेल, मॉनिटरवर सगळं नॉर्मल असलं तरी, मला सांगा, मी उठून येऊन बघेन. मामा आणि मावशींनाही माझा हाच निरोप द्या.

मला युनिट दोन मिळालंय आणि पहिला कॉल परवाचा आहे. त्याआधी क्रॅश कार्ट कुठे आहे, एएसव्ही आणि आर्टिसुनेट रात्री कुठून मिळतं, ब्लड बँकेचा फॉर्म कुठला, हे एवढं आज राउंड झाल्यावर कुणी सेकंड इयरने दाखवलं तर बरं होईल. मी वॉर्डातच थांबते.

धन्यवाद सर, धन्यवाद मॅडम.