रंग, चिकटद्रव्ये आणि हार्डवेअर: हंगामी माल-माहितीपत्रक, चिपळूण

गणपती आणि दसरा आटोपला, पाऊस ओसरला की चिपळूण परिसरात घरे रंगवण्याचे आणि दुरुस्तीचे काम सुरू होते. ते मे अखेरपर्यंत चालते. या हंगामात आमच्या दुकानात मिळणाऱ्या मालाची माहिती घरमालक, रंगारी, सुतार आणि गवंडी यांच्यासाठी येथे दिली आहे. डब्यावर छापलेले कव्हरेज गुळगुळीत, नीट तयार केलेल्या पृष्ठभागावर मोजलेले असते. आपल्याकडच्या जांभ्या चिऱ्याच्या भिंती, दाणेदार गिलावा आणि वर्षाचे चार महिने मुरणारी ओल यांच्यावर तो आकडा टिकत नाही. म्हणून खाली दिलेले आकडे आम्ही इथल्या पृष्ठभागांचा विचार करून थोडे हात राखून दिले आहेत. दुकानात येताना भिंतीचे माप आणि शक्य असल्यास भिंतीचे जवळून काढलेले छायाचित्र सोबत आणावे.

भिंतीची तयारी

माल क्र. १०१, पांढऱ्या सिमेंटची वॉल पुट्टी. पॅक ५, २० आणि ४० किलो. सिमेंटच्या गिलाव्यावर दोन हातांत एका किलोत सुमारे १५ ते १८ चौरस फूट भिंत होते. दोन्ही हातांची मिळून जाडी दीड मिलिमीटरच्या वर नेऊ नये, कारण जाड थराला बारीक तडे जातात. चाळीस किलोच्या पोत्याला साधारण १४ ते १६ लिटर स्वच्छ पाणी लागते आणि कालवलेला माल तीन तासांच्या आत संपवावा लागतो. घट्ट होऊ लागलेल्या पुट्टीत पुन्हा पाणी घालून ती वापरू नये, ती नंतर भुकटीसारखी सुटते. पहिल्या हातानंतर किमान तीन तास आणि दुसऱ्या हातानंतर घासण्यापूर्वी दहा ते बारा तास थांबावे. नवा गिलावा असेल तर त्याचे पाणी मारून झाल्यावर एकूण २८ दिवस जाऊ द्यावेत. जुना चुना लावलेली भिंत असल्यास चुना खरवडून काढल्याशिवाय पुट्टी लावू नये, कारण पुट्टी चुन्याला धरते आणि चुना भिंतीला धरत नाही.

पुराचे पाणी शिरलेल्या घरांसाठी येथे वेगळे सांगणे आवश्यक वाटते. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी शहरात भरले, तेव्हा अनेक घरांच्या भिंती कित्येक फूट उंचीपर्यंत भिजल्या. अशा भिंतीचा वरचा थर कोरडा दिसला तरी आतली ओल अनेक महिने राहते आणि ती बाहेर येताना क्षार पृष्ठभागावर आणते, त्यालाच आपण लोणा म्हणतो. भिंतीवर जाड प्लास्टिकचा दोन फुटी तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बसवून रात्रभर ठेवावा. सकाळी आतून दव दिसले तर पुट्टी आणि रंग दोन्ही थांबवावे. लोणा कोरड्या ब्रशने झाडून काढावा, पाण्याने धुऊ नये, कारण पाण्याबरोबर क्षार पुन्हा भिंतीत जातो.

माल क्र. १०२, पाण्यात मिसळणारा सिमेंट प्रायमर. पॅक १, ४, १० आणि २० लिटर. पुट्टीवर एका हातात एका लिटरला सुमारे १०० चौरस फूट कव्हरेज मिळते, उघड्या गिलाव्यावर ते ७० ते ८० पर्यंत उतरते. पृष्ठभाग अर्ध्या तासात सुकतो, रंगाचा हात मात्र चार ते सहा तासांनंतरच द्यावा.

आतील भिंतींचा रंग

माल क्र. १११, धुता येणारा मॅट इमल्शन. पॅक १, ४, १० आणि २० लिटर; शेड मिसळण्याचे बेस डबे किंचित कमी भरलेले येतात, म्हणून हिशेब करताना डब्यावरचा निव्वळ आकडाच धरावा. पुट्टी आणि प्रायमर झालेल्या भिंतीवर दोन हातांत एका लिटरला ६० ते ६५ चौरस फूट कव्हरेज मिळते. पहिला हात हाताला अर्ध्या तासात कोरडा लागतो, दुसरा हात चार तासांनी द्यावा, आणि डाग पुसण्यासाठी भिंतीवर ओले कापड फिरवण्यापूर्वी किमान पंधरा दिवस जाऊ द्यावेत.

हिशेब कसा मांडावा, याचे एक उदाहरण देतो. १० बाय १२ फुटांची आणि १० फूट उंचीची खोली असेल तर चार भिंती ४४० चौरस फूट होतात. दार २१ आणि खिडकी १६ चौरस फूट वजा केल्यास ४०३ उरतात, छताचे १२० मिळवल्यास पुट्टी आणि प्रायमरसाठी ५२३ चौरस फूट, म्हणजे सुमारे सव्वापाच ब्रास पृष्ठभाग होतो. त्याला पुट्टीचे ४० किलोचे एक पोते पुरते, प्रायमर सहा लिटर घ्यावा, आणि भिंतींच्या दोन हातांसाठी इमल्शन सात लिटर, म्हणजे चारचा एक डबा आणि एकचे तीन डबे घ्यावेत. छताचा पांढरा रंग वेगळा धरावा. शेड मिसळून घेतलेला रंग एकाच वेळी पुरेसा घेणे केव्हाही चांगले, कारण नंतर केलेल्या मिश्रणात छटा किंचित वेगळी येऊ शकते आणि ती नेमकी भिंतीच्या मध्यावर दिसते.

बाहेरील भिंती आणि गच्ची

माल क्र. १२१, बाहेरील भिंतींसाठी अ‍ॅक्रिलिक इमल्शन. पॅक १, ४, १० आणि २० लिटर. हा रंग कोकणातील घराला जेवढा महत्त्वाचा आहे तेवढा दुसरा कुठलाच नाही, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. गुळगुळीत गिलाव्यावर दोन हातांत एका लिटरला ५० ते ५५ चौरस फूट, दाणेदार गिलाव्यावर ३५ ते ४०, तर गिलावा न केलेल्या चिऱ्यावर केवळ २५ ते ३० चौरस फूट भिंत होते. चिरा सच्छिद्र असल्याने रंग ओढून घेतो, त्यामुळे चिऱ्यावर आधी प्रायमरचा हात न देता थेट रंग लावणे म्हणजे महाग माल दगडाला पाजणे होय. पृष्ठभाग पाऊण तासात सुकतो, दोन हातांमध्ये चार ते सहा तास ठेवावेत, आणि दुसऱ्या हातानंतर निदान आठ तास पाऊस किंवा दाट दव पडणार नाही असा दिवस निवडावा. भर उन्हात तापलेल्या भिंतीवर रंग लावल्यास तो पसरण्याआधीच सुकतो आणि ब्रशच्या रेषा राहतात, म्हणून सूर्य ज्या बाजूला नसेल ती बाजू आधी घ्यावी. शेवाळ आणि काळे डाग असलेली भिंत तारेच्या ब्रशने घासून, ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुऊन, पूर्ण सुकवून मगच हाती घ्यावी.

माल क्र. १२२, गच्चीसाठी तंतुयुक्त लवचिक वॉटरप्रूफ लेप. पॅक १, ४, १० आणि २० लिटर. दोन हातांत एका लिटरला १५ ते १८ चौरस फूट. पहिला हात पाणी मिसळून पातळ, दुसरा त्याला काटकोनात; मध्ये सहा ते आठ तास. सिमेंटच्या स्लॅबवर आणि पॅरापिटवर चालतो, सतत पाणी साठणाऱ्या टाकीत चालत नाही. स्लॅबला उतार नसेल तर आधी गवंड्याकडून उतार काढून घ्यावा. पाणी तुंबणाऱ्या गच्चीवर हा लेप विकण्यापेक्षा तसे सांगणे आम्हाला अधिक योग्य वाटते.

लाकूड आणि लोखंड

माल क्र. १३१, रेड ऑक्साइड मेटल प्रायमर. पॅक ५०० मिलिलिटर, १ आणि ४ लिटर. एका हातात लिटरला १०० ते ११० चौरस फूट. गंज तारेच्या ब्रशने किंवा पॉलिश पेपरने निघेल तेवढा काढून लोखंडी ग्रील, गेट आणि पत्र्याच्या कैच्यांवर लावावा. सुकायला रात्रभर द्यावी.

माल क्र. १३२, ग्लॉस इनॅमल. पॅक ५०, १००, २०० आणि ५०० मिलिलिटर, १ आणि ४ लिटर. एका हातात लिटरला १३० ते १४० चौरस फूट. पृष्ठभाग चार तासांत सुकतो, पुढचा हात आठ तासांनंतर, पूर्ण कडक व्हायला २४ तास. टर्पेंटाइनने पातळ करावा. घरगुती रंगातील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावे, हा नियम देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. जुन्या दारे-खिडक्यांवरचा रंग त्याआधीचा असू शकतो, म्हणून तो कोरडा घासून धूळ उडवण्याऐवजी पाणी पेपरने ओला घासावा, तोंडाला मास्क लावावा आणि त्या वेळी मुलांना खोलीत येऊ देऊ नये.

चिकटद्रव्ये

माल क्र. २०१, सुतारकामाचा पांढरा गोंद, पाण्याला तोंड देणारा प्रकार. पॅक २५० आणि ५०० ग्रॅम, १, ५, १० आणि ५० किलो. ८ बाय ४ फुटांच्या प्लायवर लॅमिनेट बसवण्यासाठी एका किलोपासून सव्वा किलोपर्यंत गोंद लागतो. वजन किंवा क्लॅम्प आठ ते दहा तास ठेवावा, पूर्ण ताकद २४ तासांनी येते. लाकूड, प्लाय आणि एमडीएफसाठी योग्य. प्लास्टिक, काच आणि लोखंड यांना तो धरत नाही. पावसाळ्यात ओल शोषलेल्या लाकडाला सुकण्यास वेळ द्यावा, नाहीतर सांधा नंतर उघडतो.

माल क्र. २०२, संपर्क चिकटद्रव्य, पॅक २०० आणि ५०० मिलिलिटर, १ लिटर. रेक्झिन, रबर, फोम आणि कापड यांसाठी. दोन्ही बाजूंना लावून दहा ते पंधरा मिनिटे सुकू द्यावे, बोटाला चिकटेनासे झाले की दाबावे. एकदा टेकल्यावर जागा बदलता येत नाही. पेट घेणारा माल आहे, चुलीजवळ आणि बंद खोलीत वापरू नये.

माल क्र. २०३, पॉलिमर मिश्रित टाइल चिकटद्रव्य. पॅक २० किलो. तीन मिलिमीटर जाडीला एका पोत्यात ४५ ते ५० चौरस फूट. व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ शोषत नसल्याने तिला साध्या सिमेंटचा आधार पुरत नाही. येथे पॉलिमरच लागतो. भारतीय मानक १५४७७ मध्ये टाइल चिकटद्रव्यांचे प्रकार दिले आहेत, पोत्यावरचा प्रकार क्रमांक आपल्या टाइलशी जुळतो का, हे घेतानाच पाहावे. पसरलेल्या मालावर वीस मिनिटांत टाइल बसवावी आणि सांधे २४ तासांनी भरावेत.

माल क्र. २०४, न्यूट्रल सिलिकॉन सीलंट. २८० मिलिलिटरची नळी, ६ बाय ६ मिलिमीटरच्या सांध्याला सुमारे सात मीटर. दहा ते वीस मिनिटांत साय धरते, २४ तासांत दोन ते तीन मिलिमीटर आत पक्के होते. संगमरवर आणि अ‍ॅल्युमिनियमसाठी हाच प्रकार घ्यावा. व्हिनेगरसारख्या वासाचा स्वस्त सिलिकॉन दगडावर डाग आणि धातूवर गंज आणतो. सिलिकॉनवर रंग बसत नाही.

हार्डवेअर

माल क्र. ३०१, स्टेनलेस स्टील स्क्रू, ३०४ दर्जा, ३५ मिलिमीटर, १०० नगांचा डबा. दारे, चौकटी आणि बिजागऱ्यांसाठी. समुद्राच्या अगदी जवळच्या घरांसाठी ३१६ दर्जाचे मागणीनुसार मागवून देतो, कारण खाऱ्या हवेत ३०४ वरही तांबूस डाग येतात.

माल क्र. ३०२, चार इंची स्टेनलेस बिजागरी, दोन नगांचा जोड. सात फुटी दाराला तीन बिजागऱ्या लागतात, जड सागवानी दाराला चार लावाव्यात.

माल क्र. ३०३, नायलॉन प्लग, ८ मिलिमीटर, ५० नगांचे पाकीट. विटेच्या आणि काँक्रीटच्या भिंतीसाठी. चिऱ्याच्या भिंतीत छिद्र सहज मोठे होते, म्हणून तेथे हॅमर बंद ठेवून ड्रिल करावे आणि लांब प्लग वापरावा. एएसी ब्लॉकसाठी वेगळा प्लग येतो, तो मागून घ्यावा.

न उघडलेला आणि शेड न मिसळलेला माल बिलासह पंधरा दिवसांत परत घेतला जातो. मिसळलेला रंग आणि फोडलेले पोते परत घेता येत नाही.